दुखतं कंबरेत, कळ गर्भाशयाची

पाळीच्या पहिल्या दिवशी ‘कुठे दुखतंय?’ असं विचारलं की बायका बहुधा दोन्ही हातांनी उत्तर देतात. एक तळवा ओटीपोटावर जातो, दुसरा मागे कंबरेच्या खालच्या पट्ट्यावर, माकडहाडाच्या थोडा वर. आणि पाठोपाठ वाक्य येतं, ‘मांड्या तर नुसत्या भरून आल्यात.’ कुणी म्हणते पाय ओढतात, कुणी म्हणते मांडीच्या आत कुणीतरी पिळतंय असं वाटतं.

घरोघरी ऐकू येणारी ही तक्रार शरीररचनेचं पुस्तक उघडून त्याच्या शेजारी ठेवली की थक्क व्हायला होतं. गर्भाशय लांबीला जेमतेम ७ ते ८ सेंटिमीटर. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि या दोघांच्या मध्ये, ओटीपोटाच्या तळाशी ते बसलेलं असतं. मांडीच्या स्नायूंशी त्याची गाठ नाही, कंबरेच्या स्नायूंशीही नाही. पाळीच्या दिवशी मांडीत सूज येत नाही, काही फाटत नाही, रक्तपुरवठा अडत नाही. तरीही मांडी दुखते आणि अगदी खरीखुरी दुखते. मग हे दुखणं मांडीत पोचलं कसं?

सुरुवात गर्भाशयातूनच करावी लागते. पाळी येण्याच्या आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने खाली येतं. तोवर जपून ठेवलेलं गर्भाशयाचं अस्तर आता सुटायला लागतं आणि सुटता सुटता त्याच्या पेशींमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. १९५७ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या व्ही. आर. पिकल्स या शास्त्रज्ञाने पाळीच्या स्रावात स्नायूंना आकुंचन पावायला लावणारा एक पदार्थ असल्याचं दाखवलं. तो पदार्थ म्हणजे प्रोस्टाग्लँडिनच, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं. पाळीचं दुखणं ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारायची तेव्हा डॉक्टरांतही पद्धत होती, म्हणून मला या शोधाचं मोल फार वाटतं. बाईच्या तक्रारीला हातात धरता येईल असा पुरावा मिळाला.

या रसायनांमुळे गर्भाशयाची स्नायूची भिंत आवळते. खूप दुखणाऱ्या पाळीत आतला दाब पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत. धडधाकट माणसाचा रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं की काय होतं ते कळतं. भिंतीतल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यात दाबल्या जातात, स्नायूला काही क्षण प्राणवायू मिळत नाही आणि तो कळवळतो. हृदयविकारात हृदयाच्या स्नायूचं जे होतं, त्याच जातीची ही घटना आहे. हृदयाची कळ डाव्या हातात उतरते हे आपण सगळे जाणतो. गर्भाशयाची कळ कंबरेत आणि मांडीत उतरते ती त्याच नियमाने.

आता ती कळ कोणत्या वाटेने जाते ते पाहू. गर्भाशयातून निघणारे वेदनेचे तंतू बारीक असतात आणि संख्येने फार कमी. कंबरेच्या शेवटच्या मणक्यांच्या पुढ्यात पसरलेल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून ते वर चढतात. १९२०च्या दशकात फ्रान्समधल्या लियाँ शहरात गास्ताँ कोत हे शल्यविशारद, पाळीच्या असह्य वेदनांनी हैराण झालेल्या बायकांमध्ये, कंबरेच्या शेवटच्या मणक्यासमोरचं हे जाळं कापत असत. कण्याला, कंबरेच्या स्नायूंना, मांडीला त्यांनी हात लावला नव्हता. तरी अनेकींची मधोमध येणारी कळ ओसरली. बद्धकोष्ठ आणि लघवीच्या तक्रारी मागे लागू शकतात म्हणून ही शस्त्रक्रिया आज क्वचितच होते. पण वेदनेचा उगम कुठे आहे आणि तिची वाट कोणती, हे तिने दाखवून दिलं.

जाळ्यातून वर गेलेले तंतू मज्जारज्जूत शिरतात ते अनपेक्षित ठिकाणी. गर्भाशय ओटीपोटाच्या तळाशी, पण त्याच्या मुख्य भागाची वेदना मज्जारज्जूत पोचते ती छातीच्या १० व्या पातळीपासून कंबरेच्या पहिल्या पातळीपर्यंतच्या पट्ट्यात. डॉक्टर त्याला टी-१० ते एल-१ म्हणतात. गर्भाशयाचं तोंड आणि आजूबाजूचा भाग यांचे काही तंतू मात्र अगदी खालून, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून शिरतात. म्हणजे एकाच अवयवाच्या बातम्या दोन दारांनी येतात.

आणि या दारांशी गर्दी असते. टी-१० ते एल-१ याच पातळ्यांवर बेंबीखालच्या पोटाच्या, जांघेच्या आणि मांडीच्या वरच्या भागाच्या त्वचेचे तंतूही येऊन मिळतात. कंबरेच्या मागच्या भागाचंही तेच. मणक्यातून मागच्या बाजूला निघणाऱ्या शाखा सरळ आडव्या जात नाहीत, त्या तिरप्या खाली उतरतात. कंबरेच्या पहिल्या पातळीची शाखा कमरपट्ट्याच्या हाडावरून खाली येऊन कुल्ह्याच्या वरच्या भागातल्या त्वचेत संपते. बाई नेमका जिथे तळवा ठेवते, तिथे. खालच्या दाराने शिरणाऱ्या तंतूंची त्वचा म्हणजे माकडहाडाचा परिसर आणि मांडीची मागची बाजू. पाळीच्या दुखण्याचा नकाशा काढायला बसलं तर या दोन दारांच्या त्वचेचा नकाशाच कागदावर उतरतो.

मज्जारज्जूत आत काय घडतं, ते समजायला जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. साऱ्या चाळीत फोन एकच, तळमजल्यावरच्या वाण्याकडे. रोज येणारे बहुतेक फोन पहिल्या मजल्यावरच्या एकाच कुटुंबाचे. एखाद्या दिवशी मागच्या खोलीतल्या, कधी फोन न येणाऱ्या म्हाताऱ्या आजीसाठी फोन आला, आवाज अस्पष्ट असला, तर वाणी सवयीने पहिल्या मजल्याकडे तोंड करूनच हाक मारणार. मज्जारज्जूतल्या एकाच पेशीवर त्वचेचे तंतूही येतात आणि गर्भाशयाचेही. जन्मभर तिच्याकडे बातम्या येतात त्या त्वचेच्या आणि स्नायूंच्या. इथे टोचलं, तिथे आपटलं. तीच पेशी गर्भाशयामुळे पेटली तरी मेंदू सवयीप्रमाणे पत्ता वाचतो कंबरेचा आणि मांडीचा. याला वैद्यकात संदर्भित वेदना म्हणतात.

यातला एक बारकावा पाहण्यासारखा आहे. लंडनचे हेन्री हेड यांनी १८९३ साली, आतल्या अवयवांच्या आजारात बाहेरच्या त्वचेचे ठरावीक पट्टे हळवे होतात, अशी सविस्तर निरीक्षणं प्रसिद्ध केली. ते पट्टे आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. पाळीच्या दिवसांत परकराची किंवा सलवारीची नाडी नेहमीच्याच गाठीला काचायला लागते. पोट थोडं फुगलेलं असतं हे खरं, पण कंबरेची कातडी चिमटीत धरली तरी एरवीपेक्षा जास्त झोंबते. मज्जारज्जूतली ती पेशी इतकी उत्तेजित झालेली असते की साध्या स्पर्शाची बातमीही ती मोठ्या आवाजात पुढे पाठवते. म्हणून कंबर दाबली तर ‘इथेच दुखतं’ असं उत्तर येऊ शकतं आणि कंबरेतच काही बिघडलंय अशी समजूत पक्की होते.

इथे मूत्रपिंडाची गोष्ट मध्ये येते आणि मला या साऱ्या विषयात सगळ्यात मोहवणारा भाग हाच वाटतो. मूत्रपिंड आणि तिथून मूत्राशयाकडे उतरणारी मूत्रवाहिनी यांची वेदनाही जवळपास त्याच पातळ्यांवर मज्जारज्जूत शिरते. हा योगायोग नव्हे. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीच्या आतल्या अंगाला दोन्ही बाजूंनी एकेक उंचवटा असतो. मूत्रसंस्था आणि स्त्रीची जननसंस्था, दोन्ही त्या शेजारात घडतात. गर्भाशय ज्या नळ्यांपासून बनतं, त्या नळ्या मूत्रसंस्थेच्या सुरुवातीच्या नळ्यांचं बोट धरूनच खाली वाढत जातात. या जवळिकीचा पुरावा दवाखान्यात दिसतो. ज्या मुलींमध्ये जन्मतः गर्भाशय तयारच झालेलं नसतं, त्यांच्यापैकी साधारण तिघींत एकीच्या मूत्रपिंडातही काही वेगळेपण सापडतं, कधी एकच मूत्रपिंड असतं, कधी ते नेहमीच्या जागी नसतं. अवयव पुढे आपापल्या जागी जातात, पण त्यांच्या तारा जिथे जोडल्या गेल्या तिथेच राहतात.

म्हणून मुतखड्याची कळही कुशीतून निघून जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला उतरते. म्हणजे ‘मांडीत उतरते’ एवढ्या एका गोष्टीवरून पाळी, मणका आणि मूत्रपिंड यांच्यात निवाडा करता येत नाही. निवाडा करायचा तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात: दुखणं कोणत्या तारखेला येतं, शरीरावर कुठपर्यंत जातं आणि कशाने हलतं.

एक उदाहरण घेऊ. बाई कल्पनेतली आहे, तक्रारी मात्र रोजच्या आहेत. पंचविशीतली मुलगी, दिवसभर लॅपटॉपवर काम. दर महिन्याला दोन दिवस कंबर मोडते आणि दोन्ही मांड्या पुढून भरून येतात. आई म्हणते, ‘अगं, तासन्‌तास वाकून बसतेस, मणक्यात गॅप पडला असेल.’ शेजारच्या काकू सांगतात, ‘लघवीची तपासणी कर, किडनीचं निघायला नको.’ मुलगी हौसेने नव्हे, धास्तीने एमआरआय काढून घेते. अहवालात लिहून येतं की कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती किंचित फुगली आहे. घरात शांतता पसरते. आईचं म्हणणं खरं ठरलं.

पण तो अहवाल वाचायला एक माहिती हवी. कंबर कधीच दुखत नाही अशा निरोगी माणसांच्या एमआरआयसारख्या तपासण्यांचे अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या, काहीही तक्रार नसलेल्या माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. वयाबरोबर हा आकडा वाढतच जातो. म्हणजे पंचविशीतल्या मुलीच्या चित्रात फुगलेली चकती दिसली, एवढ्याने तिच्या दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. चकती फुगलेली असेलही, ती महिनाभर तशीच असते. मग ती दर महिन्याला दोनच दिवस का दुखावी?

या मुलीने तीन पाळ्यांची नोंद ठेवली, वहीच्या एका पानावर. त्यातून जे दिसलं ते असं. दुखणं रक्तस्राव सुरू होण्याच्या काही तास आधी किंवा त्याच सुमाराला येतं. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतं, दुसऱ्या संध्याकाळी उतरतं, तिसऱ्या दिवशी जवळपास नाहीसं होतं. ते लाटांसारखं चढतं-ओसरतं आणि ओटीपोटातल्या कळेबरोबरच चढतं. मांडीत ते खोल आणि पसरट आहे, बोट ठेवून ‘इथे’ असं सांगता येत नाही, आणि गुडघ्याच्या वरच थांबतं. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. खोकलं, शिंकलं, वाकलं तरी फरक पडत नाही. पहिल्या दिवशी दोनदा पातळ शौचाला झालं आणि मळमळलं, कारण प्रोस्टाग्लँडिन रक्तात उतरून आतड्यालाही आवळतं. बाकीचे दिवस ती २० लिटरचा पाण्याचा जार उचलून ठेवते आणि कंबर ‘क’ काढत नाही. एवढं वाचून डॉक्टरांना फारशा तपासण्यांची गरज उरत नाही. कंबर आणि मांडी निर्दोष आहेत, कळ गर्भाशयाची आहे.

मणक्याचं दुखणं वेगळ्या तऱ्हेने वागतं. चकती सरकून मज्जातंतूचं मूळ दाबलं गेलं की दुखणं त्या एका तंतूच्या वाटेने जातं, दोरीसारखं सरळ आणि बहुधा एकाच पायात. कंबरेच्या खालच्या मणक्यांत दाब असेल तर ते कुल्ह्यातून मांडीच्या मागून गुडघा ओलांडतं, पोटरीत आणि पावलात पोचतं. ते विजेसारखं सळकतं. खोकताना, शौचाला जोर करताना, पुढे वाकताना ते उफाळतं. पायाच्या ठरावीक भागात मुंग्या किंवा बधिरपणा येतो. डॉक्टर तुम्हाला उताणं झोपवून एक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान ते मूळ ताणलं जातं आणि कळ गुडघ्याखाली झपकन उतरली तर शंका बळावते. पाळीच्या दुखण्यात पाय असा उचलला तर फार तर मांडीमागचा स्नायू ताणतो, सळक येत नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला दुखवणारी चकतीही असते, कंबरेच्या वरच्या मणक्यांतली. ती कमी आढळते आणि तिच्यात जिना चढताना गुडघा लटका पडतो, हे लक्षण सोबत असतं.

एक घोटाळा मात्र होतो. जिची कंबर आधीपासून स्नायूंमुळे किंवा मणक्यामुळे दुखते, तिची ती पाळीत आणखी दुखते, कारण त्या दिवसांत मज्जारज्जूच हळवा झालेला असतो. म्हणून ‘पाळीत वाढतं’ आणि ‘पाळीतच येतं’ या दोन वाक्यांत फरक करायला हवा. पहिल्यात कंबरेचीही तपासणी लागते.

मूत्रपिंडाचं दुखणं जागेने उंच असतं. ते कंबरेच्या मधोमध नसून एका बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली, कण्यापासून काही बोटं बाहेर असतं. डॉक्टर तिथे तळहात ठेवून वर मुठीने हलकेच ठोकतात, आणि मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालेला असेल तर बाई दचकून पुढे सरकते. संसर्गात थंडी वाजून ताप भरतो, उलट्या होतात, लघवीला जळजळ होते, वारंवार जावं लागतं. पाळीच्या साध्या दुखण्यात ताप येत नाही. हा एक धागा घट्ट धरून ठेवावा. मुतखड्याची कळ आणखी निराळी. ती माणसाला स्वस्थ पडू देत नाही, बसू देत नाही, येरझारा घालायला लावते. पाळीच्या कळेत बाई बहुतेकदा पाय पोटाशी घेऊन, गरम पाण्याची पिशवी धरून पडून राहते आणि त्याने तिला बरं वाटतं.

पाळीत लघवी तपासायला दिली की आणखी एक पेच पडतो. नमुन्यात पाळीचं रक्त मिसळतं, अहवालात लाल पेशी येतात आणि मुतखड्याची शंका उगाच उभी राहते. नमुना पाळीनंतर देता येत असेल तर तसं करावं. थांबणं शक्य नसेल तर आधी स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधल्या धारेचा नमुना द्यावा आणि प्रयोगशाळेला पाळी चालू असल्याचं सांगावं.

पाळीचं आणि मुतखड्याचं, अशी दोन्ही दुखणी एकाच बाईला असू शकतात, आणि तेव्हा ती एकमेकांना खतपाणी घालतात. इटलीतल्या मारिया आदेले जांबेरार्दिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीच्या तीव्र वेदना आणि मुतखडा असा दुहेरी त्रास असलेल्या बायकांचा अभ्यास केला. या बायकांना खड्याच्या कळा जास्त येत होत्या आणि पाळीही जास्त दुखत होती. एका अवयवावर उपचार केले की दुसऱ्याची वेदनाही कमी झाली. दोघांचं दार एकच असल्यावर एकाच्या गोंगाटाने दुसऱ्याचा आवाज चढणारच.

साध्या दुखण्याच्या पलीकडे गर्भाशयाच्याच बाजूचे काही आजार आहेत आणि त्यांत एंडोमेट्रिओसिस सगळ्यात जास्त निसटतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, गर्भाशयामागे, आतड्यावर, बीजकोशावर रुजते आणि पाळीच्या चक्राप्रमाणे तिथेही दाह होतो. यात दुखणं पाळीच्या कितीतरी दिवस आधी सुरू होतं, वर्षागणिक वाढत जातं, गोळीला दाद देत नाही. पाळीत शौचाच्या वेळी तीव्र कळ येते, संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं. क्वचित ही ऊती मांडीच्या मागून जाणाऱ्या सायटिक तंतूजवळ रुजते, आणि मग सळक, मुंग्या, पायाचा कमजोरपणा हे सगळं मणक्यासारखंच दिसतं, पण पाळीच्या आसपास येतं. एमआरआयमध्ये मणका ठीक आणि तक्रार मात्र खरी, अशा बाईने स्त्रीरोगतज्ज्ञाला ‘हे पाळीच्या तारखेने येतं’ असं स्पष्ट शब्दांत सांगावं. चाळिशीच्या आसपास पाळी एकाएकी जास्त दुखायला आणि जास्त जायला लागली तर गर्भाशयाच्या भिंतीतच असं अस्तर शिरलेलं असू शकतं. आधी न दुखणारी पाळी नव्याने दुखू लागणं, हे कोणत्याही वयात दाखवण्याचं कारण आहे.

साध्या दुखण्यावरचे उपाय त्याच्या रसायनातून आपोआप निघतात. आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात. तयार झालेलं ती पुसून टाकत नाहीत. म्हणून असह्य झाल्यावर घेतलेली गोळी अपुरी पडते, आणि दुखणं सुरू होता होताच जेवणानंतर घेतलेली जास्त उपयोगी ठरते. याच औषधांचा मूत्रपिंडावर ताण पडतो. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर किंवा अशा गोळ्यांनी उठणारा दमा आहे, किंवा दिवस गेल्याची शक्यता आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. कंबरदुखी गर्भाशयाची आहे की मूत्रपिंडाची, हे ओळखण्याला यामुळे आणखी वजन येतं. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ साली भारतीय औषधसंहिता आयोगाने एक इशारा दिला होता. क्वचित या औषधाने अंगभर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांवर परिणाम करणारी तीव्र ॲलर्जी होऊ शकते. गोळी घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत असं काही दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावं.

शेक हा आजीचा उपाय प्रयोगातही टिकला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंश सेल्सिअसची सौम्य ऊब देणारी पट्टी दिवसाला १२ तास लावली होती. तिचा आराम ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिवसातून तीनदा घेतल्याच्या तोडीचा निघाला. बहुतेक जणी शेक कंबरेवर घेतात. कंबरेवर घ्यावा आणि ओटीपोटावरही घ्यावा, दोन्ही जागा एकाच दाराशी जोडलेल्या आहेत. कढत पिशवी थेट कातडीवर मात्र ठेवू नये. रोज शेकून कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात, ते वारंवार लागणाऱ्या उष्णतेचे असतात.

आता थांबायचं कधी नाही, तेवढं सांगते. जांघेत, शौचाच्या जागेभोवती बधिर वाटणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांतलं बळ जाणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात. कुशीतल्या दुखण्याबरोबर थंडी-ताप असेल तरीही त्याच दिवशी. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ, घेरी, आणि त्यातच खांद्याच्या टोकाला दुखणं, ही गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटल्याची लक्षणं असू शकतात. तिथे खांदाही असाच दुसऱ्याच्या वतीने दुखतो, पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाखाली साचल्यामुळे. रात्री झोपेतून उठवणारी, आठवडेच्या आठवडे न हटणारी पाठदुखी आणि जोडीला बारीक ताप व घटतं वजन असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यायलाच हवा.

यांतलं काही नसेल, तर मुलींना आणि त्यांच्या आयांना एकच विनंती. कंबरेचा एमआरआय काढण्याआधी तीन पाळ्यांची नोंद करा: तारीख, दुखण्याची जागा, गुडघ्याच्या वर की खाली, मुंग्या, ताप, लघवीची जळजळ आणि गोळी घेतल्यावर किती तासांत उतार पडला. ते पान डॉक्टरांसमोर ठेवा.